आधी सही, मग वही

आज बोलायचंय ते आपल्या हिशेबाच्या वहीबद्दल. धंद्यात भागीदार व्हायला कुणी आलं, तर ती वही त्याच्यापुढे कधी उघडायची आणि उघडण्याआधी त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं, एवढाच विषय आहे.

आमच्यातला एक गट शेंगाचटणी आणि कडक भाकरी करतो. शहरातले एक व्यापारी आले. म्हणाले, "ताई, माल तुम्ही करा, मशीन आणि विक्री माझी, नफा निम्मा-निम्मा." सगळ्यांना आनंद झाला. मग ते म्हणाले, "बँकेत दाखवायला सगळा हिशेब लागेल." आपल्या सचिव ताईंनी वहीची झेरॉक्स देऊन टाकली. कोणत्या तेवीस दुकानांत माल जातो, कुणाला काय भाव, शेंगदाणे कुणाकडून येतात, किलोला खर्च किती, चटणी खवट होऊ नये म्हणून कोणती पिशवी वापरतो, सगळं त्यात होतं. व्यापारी परत आलेच नाहीत. अडीच महिन्यांनी त्यातल्याच दुकानांत दुसरं पाकीट दिसायला लागलं, आपल्यापेक्षा पाच रुपयांनी स्वस्त.

आम्ही वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. काय दिलं? कोणत्या तारखेला दिलं? आणि देताना 'हे बाहेर सांगायचं नाही' असं म्हणाला होतात का? आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. झेरॉक्स दिल्याचा एक कागदसुद्धा आमच्याकडे नव्हता.

हे प्रश्न त्यांनी मनाने काढलेले नव्हते. आपल्या देशात धंद्याच्या गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. 1872 चा करार कायदा आणि कोर्टांचे निकाल यांवरच सगळं चालतं. त्यांनी 2003 सालचा मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल सांगितला. सनडायल कम्युनिकेशन्स या कंपनीने कृष्णावरच्या एका टीव्ही मालिकेची कल्पना विश्वासाने झी टेलिफिल्म्सपुढे मांडली होती. पुढे तशीच मालिका झीकडून येतेय असं दिसल्यावर सनडायल कोर्टात गेली आणि कोर्टाने ती मालिका दाखवायला मनाई केली. अशा वेळी कोर्ट काय बघतं? गुपित नेमकं कोणतं, ते विश्वासाने दिलं होतं का, ते खरोखर गुपित म्हणण्यासारखं आहे का, आणि परवानगी न घेता वापरलं का. सनडायलने आपली कल्पना आधीच लिहून ठेवली होती. आमच्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं.

पुढच्या वेळी दुसरे एक दुकानदार आले, तेव्हा आम्ही शहाण्या झालो होतो. पहिल्या बैठकीत चटणी चाखायला दिली, महिन्याला किती किलो करू शकतो ते सांगितलं आणि त्यांना काय हवंय ते ऐकून घेतलं. बाजारात कुणालाही दिसतं तेवढंच बोललो. त्यांनी वही मागितली, तेव्हा अध्यक्षा म्हणाल्या, "दादा, देऊ की. आधी गोपनीयतेच्या करारावर सही होऊ द्या."

दादा जरा रागावले. "माझ्यावर विश्वास नाही का?" अध्यक्षा म्हणाल्या, "विश्वास आहे म्हणूनच बसलोय. पण ही वही माझ्या एकटीची नाही, अकरा जणींची आहे. आणि तुमच्या दुकानाचे आकडे आम्हाला कळतील, तेही आम्ही बाहेर सांगणार नाही असं त्याच कागदात लिहिलंय." करार दोन्ही बाजूंना बांधतो हे कळल्यावर दादांनी तो वाचायला घेतला.

करार जेमतेम दोन पानांचा होता. सुरुवातीला दोन्हीकडची नावं, पत्ते आणि तारीख. मग ही माहिती फक्त भागीदारी करायची की नाही हे ठरवण्यासाठीच वापरायची, असं एक वाक्य. त्यानंतर गुपितांची यादी: दुकानांची नावं आणि भाव, माल कुठून घेतो, किलोचा खर्च, पिशवीची माहिती, पुढच्या वर्षाचा आराखडा. 'आमची सर्व माहिती' असं मोघम लिहू नका, वाद झाला की ते टिकवणं अवघड जातं. शेंगाचटणीत शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं असतं हे अख्ख्या सोलापूरला ठाऊक आहे, ते गुपित होत नाही. शेवटी, जमलं नाही तर कागद परत करायचे आणि मोबाईलमधले फोटो काढून टाकायचे, असंही लिहिलं होतं.

मुदत आम्ही पाच वर्षं लिहिली होती, दादांनी दोन म्हटली. आम्ही मानलं, कारण दोन वर्षांत भाव आणि दुकानं बदलतातच. एका ताईंना वाटत होतं, 'तुम्ही कधीच चटणी विकायची नाही' असंही लिहावं. वकीलबाईंनी ते काढायला लावलं. कुणाला धंदाच करू नको म्हणणारी अट करार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे सहसा टिकत नाही. दादा उद्या स्वतःच्या अकलेने चटणी विकू शकतात. आपली वही वापरून विकायची नाही, एवढंच आपण म्हणू शकतो.

सही कुणी करायची हाही प्रश्न होता. नोंदणी नसलेल्या गटाला गटाच्या नावावर कोर्टात जाणं अवघड असतं. म्हणून आम्ही मासिक बैठकीत ठराव केला, तो वहीत लिहिला, सगळ्या सभासदांची नावं करारात घातली आणि सगळ्यांच्या वतीने अध्यक्षा व सचिवांनी सही केली. करार मुद्रांकावर केला. पूर्वी शंभरचा चालायचा, ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा लागतो. मुद्रांक नसेल तर तो कागद पुरावा म्हणून दाखवताना दंड भरावा लागतो. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्याने बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते.

सही झाल्यावरच कागद दिले. प्रत्येक पानावर 'गोपनीय' लिहिलं, पानांना नंबर घातले आणि 'ही नऊ पानं मिळाली' अशी तारखेसह पोच घेतली. व्हॉट्सॲपवर एकही फोटो पाठवला नाही.

एक गोष्ट मात्र त्या नऊ पानांतही नव्हती. शेंगदाणे देणाऱ्या शेतकऱ्यांची नावं आम्ही राखून ठेवली. कराराने चोरी थांबत नाही. चोरी झाली तर दाद मागायला आधार मिळतो, आणि कोर्टाची वाट लांब असते. म्हणून जे गेलं तर धंदाच बसेल, ते भागीदारी पक्की होईपर्यंत सांगायचं नाही.

शेवटी भावावरून आमचं दादांशी जमलं नाही. ते स्वतः येऊन नऊ पानं परत देऊन गेले, चहा घेतला. अजून त्यांच्या दुकानात आपलीच चटणी विकायला असते.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत आपापल्या गटाची गुपितं कोणती, ती यादी करून ठेवा. विचारणारा दारात आल्यावर ती करायला वेळ मिळत नाही.