प्रवासखर्चाचा हिशेब

सोलापुरातील एखाद्या चादर कारखान्याचा विक्री-प्रतिनिधी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईस जातो, एक मुक्काम करून परततो, आणि मग त्याच्यापुढे प्रवासखर्चाचे बिल येते. समजा, जाण्यायेण्याचे भाडे १,१०० रुपये, लॉजचे २,४००, टॅक्सीचे ४२० आणि दोन दिवसांचा दैनिक भत्ता १,००० झाला. परंतु कंपनीच्या नियमावलीत मुक्कामाची मर्यादा २,००० आहे. अशा वेळी पावती २,४०० चीच जोडावी, त्या रकमेसमोर नियमाच्या कलमाचा क्रमांक घालावा आणि मागणी मात्र २,००० ची करावी. कारण या दोन आकड्यांतील तफावतीचा खुलासा आपण स्वतः केला नाही, तर लेखापाल सारे प्रकरण शेरा मारून परत धाडण्याचा संभव असतो. एकूण ४,५२० मधून, समजा आधी घेतलेली, ४,००० ची उचल वजा जाता येणे बाकी ५२० दाखवावी. टॅक्सीची पावती नसल्यास तारीख, कोठून कोठे आणि कोणत्या कामासाठी, हे लिहून स्वाक्षरी करावी. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावतीवरील अक्षरे कालांतराने पुसट होतात, आणि उन्हात तापलेल्या गाडीत राहिल्यास कागदच काळवंडतो. सोलापूरचा उन्हाळा आपण जाणताच. तेव्हा अशा पावतीची छायाप्रत त्याच दिवशी काढून मूळ पावतीस जोडावी, ही विनंती.