डबा रिकामा, तरी धंदा नफ्यात: महिनाअखेरचा हिशोब

कुर्डुवाडी आणि आसपासच्या गावांतल्या गटांसाठी आम्ही चार बैठकांचा हिशोब-वर्ग घेतो. घरून चटणी, कडक भाकरी, पापड, शेवया विकणाऱ्या किंवा शिलाई करणाऱ्या बायका त्यात असतात. आजच्या बोलण्यात त्या वर्गातला शेवटचा आणि सगळ्यांत अवघड वाटणारा भाग घेऊ, म्हणजे महिना संपला की वही बंद कशी करायची.

आपल्याकडे एक गंमत आहे. गटाचं दप्तर चोख असतं. बचत किती, अंतर्गत कर्ज कोणाला दिलं, व्याज किती आलं, सगळं लिहिलेलं असतं, कारण ते बैठकीत वाचून दाखवावं लागतं. पण त्याच गटातल्या सचिव ताईंना विचारा, "तुमच्या चटणीत गेल्या महिन्यात काय सुटलं?" तर त्या डब्याकडे बघतात. डब्यात पैसे असले तर नफा, नसले तर तोटा. हा डबाच आपल्याला फसवतो.

आमच्या वर्गात शेंगा चटणी करणाऱ्या एका ताईंचा महिना आम्ही फळ्यावर मांडतो. आकडे समजायला सोपे धरलेत, तुमच्याकडचे भाव वेगळे असतील. शेंगदाणे १३० रुपये किलो, चटणी २८० रुपये किलो. महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्याकडे १,२०० रुपये होते. महिना संपला तेव्हा ६०० राहिले. ताई म्हणाल्या, "एवढी राबले आणि निम्मे पैसे गेले. बंदच करते." बंद करण्याआधी वही बघू या.

वही साधी शंभर पानी चालते. पुढच्या पानांवर रोज आलेले-गेलेले पैसे लिहायचे. पहिला आठवडा असा दिसतो:

| तारीख | तपशील | जमा | खर्च | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ | मागील शिल्लक | १,२०० | | १,२०० |
| २ | चटणी ४ किलो, रोख विक्री | १,१२० | | २,३२० |
| ३ | शेंगदाणे १० किलो | | १,३०० | १,०२० |
| ४ | जुनी उधारी वसूल | ७०० | | १,७२० |
| ५ | कांडप | | ८० | १,६४० |
| ५ | घरासाठी उचल, शाळेची फी | | ६०० | १,०४० |
| ६ | चटणी २ किलो, रोख विक्री | ५६० | | १,६०० |

यात दोन गोष्टी बघा. शाळेची फी ताईंनी लपवली नाही, पण ती 'घरासाठी उचल' म्हणून लिहिली. घरासाठी पैसे घेण्यात काही चूक नाही, धंदा त्यासाठीच आहे. फक्त ती उचल चटणीचा खर्च नव्हे. दुसरी गोष्ट, उधार दिलेली चटणी या पानावर नाही, कारण पैसे आलेलेच नाहीत. उधारीची पानं वहीच्या मागून सुरू करायची. कोणी नेली, किती किलो, किती रुपये, कधी दिले. दुकानदाराकडून आपण उधार आणलेल्या मालालाही मागेच वेगळं पान ठेवायचं.

आता मोबाईलवर येणारे पैसे. क्यूआर कोड बहुतेक ठिकाणी मुलाच्या नाहीतर मालकांच्या खात्याचा असतो. गिऱ्हाईक पैसे भरतं, ते त्या खात्यात जातात आणि तिथूनच पेट्रोलला खर्च होतात. वहीत त्यांचा पत्ता नसतो. म्हणून आम्ही सांगतो, कोड आपल्या स्वतःच्या खात्याचा काढा. आणि तो निघेपर्यंत मुलाच्या खात्यात आलेली रक्कम त्याच दिवशी जमेला लिहा. त्यानं ती वापरली असेल तर समोर 'घरासाठी उचल' लिहा. या ताईंचे शेवटचे ६०० रुपये म्हणजे डब्यातले ३५० आणि खात्यातले २५०. दोन्ही मिळून शिल्लक.

महिना बंद करायला तासभर लागतो. शेवटच्या दिवशी रात्री, सगळे झोपल्यावर बसा, कारण मध्येच विक्री झाली तर मोजणी बिघडते. आधी पैसे मोजा आणि वहीतल्या शिल्लकेशी ताडून बघा. जुळत नसेल तर खाडाखोड करू नका. फरकाला ९ ने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेत, जसं ५४०चे ४५० लिहिले की ९० चा फरक येतो. तसं नसेल तर फरकाचं निम्मं करा आणि तेवढ्या रकमेची नोंद शोधा. ती जमेऐवजी खर्चात पडलेली असू शकते. सगळं शोधूनही वीस-तीस रुपये जुळले नाहीत, तर 'फरक' म्हणून तसंच लिहा आणि पुढे चला. तोच फरक दर महिन्याला येऊ लागला तर मात्र समजा, डब्यातून कोणीतरी न सांगता घेतंय.

मग माल मोजा. ही पायरी बायका हमखास गाळतात. ताईंकडे महिन्याच्या सुरुवातीला ४ किलो शेंगदाणे आणि थोडं तिखट, पिशव्या असा ८०० रुपयांचा माल होता. महिन्यात त्यांनी ५० किलो शेंगदाणे आणले. त्यांतले ४० किलो रोखीनं, ५,२०० चे. १० किलो उधारीनं, १,३०० चे. तिखट, लसूण, जिरं, मीठ १,१००. पिशव्या ४००. म्हणजे महिन्याची खरेदी ८,००० झाली. अखेरीस तागडी घेऊन मोजलं तर १४ किलो शेंगदाणे शिल्लक, आणि बाकीचं धरून २,००० रुपयांचा माल. सुरुवातीचे ८०० अधिक खरेदीचे ८,०००, वजा उरलेले २,०००. तेव्हा ६,८०० रुपयांचा माल चटणीत गेला. शिल्लक माल नेहमी खरेदीच्या भावानं धरायचा, विक्रीच्या नाही. तो अजून विकलेला नाही.

या मालातून ४२ किलो चटणी झाली. विक्रीच्या नोंदी ४० किलोच्याच निघाल्या. दोन किलो कुठं गेली? ताई हसल्या. अर्धा किलो नणंदेला, बाकी घरात. साधारण १६० रुपये किलो माल पडला, म्हणजे ३२० रुपये. हीसुद्धा घरासाठी उचलच, पैशाऐवजी चटणीच्या रूपात. ती वजा केली की विकलेल्या चटणीला माल लागला ६,४८० रुपयांचा. अशी बेरीज-वजाबाकी दर महिन्याला केली की शेंगदाणे किती घटतात, भाजताना-पाखडताना किती जातात, तेही कळू लागतं. ४० किलोमधून एखाद्या महिन्यात ३७ किलोच चटणी निघाली, तर आधी दाण्याचा दर्जा आणि दुकानाचं वजन तपासायचं.

बाकीचा खर्च बघा. गॅस ९००. घरचा स्वयंपाक आणि धंदा एकाच सिलिंडरवर असला की अंदाजानं वाटणी करावी लागते. एकदा ठरवलेली वाटणी मात्र दर महिन्याला बदलू नका. कांडप ३२०, येण्याजाण्याचं भाडं २८०. गटाच्या कर्जाचा हप्ता १,००० भरला. तो सगळा खर्च नाही. कर्ज १०,००० होतं आणि व्याज महिना एक टक्का, म्हणजे १०० रुपये व्याज हा खर्च. उरलेले ९०० मुद्दल, ती घेतलेल्या पैशांची परतफेड. मिळून बाकीचा खर्च १,६००.

विक्री ४० किलो, २८० नं ११,२००. त्यातली ९,४०० रोख आणि १,८०० उधार. नफा काढताना उधार विक्रीही धरायची, कारण चटणी तर गेली आहे.

११,२०० मधून ६,४८० आणि १,६०० वजा केले की उरतात ३,१२०. तोटा नव्हे, नफा. आणि डब्यात ६०० कमी.

मग पैसे गेले कुठं? जागेवर बसून शोधता येतात. घरखर्चाला १,५०० रोख उचलले. फी ६००, दवाखाना ४००, किराणा ३००, गटाची बचत २००. चटणी ३२० ची घरात गेली. मुद्दल ९०० फिटली. येणं असलेली उधारी ९०० वरून २,००० वर गेली, म्हणजे १,१०० लोकांच्या घरात अडकले. माल ८०० वरून २,००० वर, म्हणजे १,२०० शेंगदाण्यांत अडकले. या सगळ्याची बेरीज ५,०२०. त्यातले १,३०० दुकानदाराच्या उधारीनं भागले. उरले ३,७२०. नफ्याचे ३,१२० आणि डब्यातून घटलेले ६००, मिळून तितकेच. इथं आकडा जुळला की वर्गातल्या बायका मोठ्यानं "हां!" म्हणतात.

आता ताईंना ठरवता येतं. आषाढीच्या किंवा गड्ड्याच्या यात्रेच्या आधी माल भरला तर १,२०० अडकणं ठीक, ते सुटतील. उधारीचे १,१०० मात्र वाढू द्यायचे नाहीत. दुकानदाराचे १,३०० पुढच्या महिन्यात द्यायचेच आहेत आणि हातात ६०० आहेत, तेव्हा पुढची खेप आणण्याआधी वसुली. आणि एक हिशोब आम्ही मुद्दाम करून घेतो. महिन्याला चटणीत ६० तास गेले असतील तर ३,१२० म्हणजे तासाला ५२ रुपये. त्या वहीत मजुरी लिहिलेली नाही, म्हणून जो नफा दिसतो त्यातच ताईंची मजुरीही आली. भाव वाढवायचा का, याचं उत्तर या आकड्याजवळ सापडतं.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं परत पाठवला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, मुद्दल आणि दर सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. १९९७ साली बँक उभी राहिली. तोंडी हिशोब आपल्याही बायकांना येतो. तो कागदावर आला की महिनाभरानं पुन्हा बघता येतो, एवढाच फरक.

आता तुमचा सराव. वही-पेन्सिल घ्या. एक बाई कडक भाकरी विकते. सुरुवातीला रोख ८००, पीठ-सरपण ३०० रुपयांचं. महिन्यात ४,५०० ची रोख विक्री आणि ६०० ची उधार. पीठ-सरपणाची खरेदी २,४००, सगळी रोख. पॅकिंग आणि भाडं ४५०. कर्जाचा हप्ता ५५०, त्यात व्याज ५०. घरासाठी ९०० घेतले. अखेरीस ५०० रुपयांचं पीठ-सरपण उरलं. शिल्लक रोख किती हवी आणि नफा किती? गटाच्या बैठकीत दोघी-दोघी बसून काढा. रोख १,००० आणि नफा २,४०० आला तर बरोबर. नफा १,६०० आला असेल, तर तुम्ही उधार विक्री धरली नाही आणि उरलेला-आधीचा माल मोजला नाही. १,९०० आला असेल, तर मुद्दल खर्चात टाकली आहे.