लॉकर आणि वही : आपले कागद आणि फोटो नेमके कुठं असतात

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपल्यापैकी कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. चार तासांत नागपुरात शंभर मिलिमीटरवर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यांवर आली आणि अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं. गाद्या, फ्रीज, मोटारी यांची मोजदाद झाली. पण कपाटाच्या खालच्या कप्प्यातली प्लास्टिकची पिशवी भिजली, तिची नोंद कुठं होणार? विक्रीपत्र, पेन्शनचा पीपीओ, लग्नाचा अल्बम, सगळं बहुधा त्याच पिशवीत. चिकटलेली पानं पंख्याखाली वाळत घालण्याचा उद्योग कितीतरी घरांत चालला असेल.

‘क्लाऊड’मध्ये ठेवणं म्हणजे याच गोष्टींची प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या संगणकावर ठेवणं. हे संगणक आभाळात नसतात. नवी मुंबईत, पुण्यात, परदेशांत त्यांच्या इमारती आहेत आणि आपण इंटरनेटवरून तिथं पोचतो. इतकं कळलं की पुरे. आजचा खरा प्रश्न निराळा आहे : फोनवरून एखादी गोष्ट पुसली, तर तिथली प्रत राहते की जाते? कधी राहते, कधी जाते. नेहमीचा गोंधळ होतो तो इथंच. म्हणून दोन ओळखीच्या वस्तू घेऊ, बँकेतलं लॉकर आणि घरातली वही.

लॉकरचं उदाहरण आपल्या सरकारनंच नावात घालून ठेवलं आहे. ‘डिजिलॉकर’ जुलै २०१५ मध्ये सुरू झालं. त्यात दोन कप्पे असतात आणि त्यांतला फरक फार महत्त्वाचा आहे. पहिला Issued. इथं येणारा आधार, पॅन, वाहन परवाना हे तुम्ही ठेवत नाही, देणारं खातंच देतं. तुमच्याकडे येते ती त्या खात्याच्या नोंदीकडे जाणारी जोडणी. म्हणून फोन हरवला, नवा घेतला, तरी आत शिरलात की कागद जागेवर. २०१६ च्या नियमांनी अशा कागदाला मुळाच्या बरोबरीचं मानलं आहे. वाहतूक पोलिसानं अडवलं, तर डिजिलॉकरमधला परवाना दाखवता येतो.

दुसरा कप्पा आपण स्वतः भरतो. विक्रीपत्राचा फोटो काढून तिथं टाकलात, तर ती फक्त झेरॉक्स. भिजल्यावर दस्त क्रमांक वाचायला तिचा उपयोग होईल, दुय्यम निबंधकाकडून नक्कल काढायला होईल, पण तिला मुळाचा मान नाही. तेव्हा मूळ दस्त टाकून देऊ नका! आणि आपल्या काळच्या मॅट्रिकची गुणपत्रिका Issued मध्ये सापडली नाही, तर फोनवर रागावू नका. इतक्या जुन्या नोंदी तिथं बहुतेक आलेल्याच नाहीत. दुसरी अडचण नावाची. आधारवर पूर्ण नाव आणि परवान्यावर नुसती आद्याक्षरं असली की जुळणी होत नाही आणि कागद येत नाही. तिथं मुलाला बोलावून उपयोग नाही. ज्या खात्यात नाव चुकलं, तिथंच ते दुरुस्त करावं लागतं.

आता वही. गुगल फोटोज हे लॉकर नाही, ती वही आहे. घरात एकच हिशेबाची वही असते. तुम्ही ती दिवाणखान्यात उघडा की स्वयंपाकघरात, पान तेच. एकानं ओळ खोडली की सगळ्यांसाठी खोडली. तुमचा फोन, टॅब, मुलाच्या संगणकावर उघडलेलं तुमचं खातं, ही त्या एकाच वहीत बघायची ठिकाणं.

समजा, प्रतापनगरातल्या एका आजोबांच्या फोनवर ‘जागा भरली’ असा निरोप आला. त्यांनी गुगल फोटोज उघडलं, नातीच्या बारशाचे तीनशे फोटो निवडले आणि ‘क्लाऊडवर आहेतच की’ म्हणून Delete दाबलं. फोनमधून गेले, टॅबमधून गेले, खात्यातूनही गेले. वहीतली ओळ खोडली होती ना. त्यांना हवं होतं Free up space. उजवीकडे वर आपल्या चित्रावर बोट ठेवलं की ते दिसतं. त्यानं खात्यात पोचलेले फोटो तेवढे फोनमधून निघतात, खात्यात मात्र राहतात. ज्यांची प्रत अजून वर गेलेली नाही, त्यांना ते हात लावत नाही. पुढं ते फोटो पाहायला इंटरनेट लागतं, एवढीच किंमत.

आजोबांचं नशीब, की खोडलेली ओळ लगेच मिटत नाही. खात्यात पोचलेला फोटो Bin मध्ये ६० दिवस राहतो. तिथं जाऊन निवडायचा आणि Restore करायचं. मात्र ‘जागा होत नाही, बिनही रिकामी करा’ असा सल्ला देणारा भाचा प्रत्येक घरात असतो. त्याचं ऐकलं, तर मग इलाज नाही.

‘जागा भरली’ हा निरोपही दोन प्रकारचा असतो. एक फोनची जागा भरल्याचा. त्यावर Free up space हा उपाय. दुसरा Account storage full, म्हणजे वहीचीच पानं संपली. गुगल फुकट देतं १५ जीबी, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांनी भागवायचं. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात. ॲन्ड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच धरला जातो. एक फोटो ३ एमबीचा धरला, तर १५ जीबीत सुमारे पाच हजार मावतात. लांबलचक व्हिडिओ मात्र ही जागा भराभर खातात. इथं Free up space कितीही दाबा, फरक पडणार नाही. ते फोन रिकामा करतं, वही नाही.

ही वही भरल्याची खूण फोटोंत उशिरा कळते. मेल येणंही थांबू शकतं, ते आधी लक्षात येतं. बँकेतली बाई म्हणते, ‘तुमची मेल परत आली,’ आणि आपण बँकेवर संशय घेतो. तेव्हा आधी व्हॉट्सॲपमध्ये Settings, मग Storage and data, मग Manage storage असं जा. मोठ्यात मोठे व्हिडिओ वर दिसतील. त्यात सुप्रभाताचे सूर्योदय किती असतात, ते पाहून तुम्हालाच हसू येईल. ते पुसून पुन्हा बॅकअप झाला की वहीत पानं मोकळी होतात.

एक गोष्ट आपल्या वयाची. दोन वर्षं खातं कुणी उघडलंच नाही, तर गुगल ते बंद करून आतलं सगळं काढून टाकू शकतं. बँकेच्या लॉकरला नामनिर्देशन असतं, तशी सोय इथंही आहे. myaccount.google.com/inactive इथं जाऊन खातं किती महिने निपचित राहिलं की कुणाला कळवायचं, ते ठरवता येतं. मुदत ३, ६, १२ किंवा १८ महिन्यांची, आणि जास्तीत जास्त दहा जणांची नावं. मुलीला फक्त फोटो द्यायचे, मेल नाही, असंही निवडता येतं. यासाठी तिला तुमचा पासवर्ड आज सांगायची गरज नाही.

आता फोन बाहेर काढा. गुगल फोटोज उघडा आणि उजवीकडच्या चित्रावर बोट ठेवा. ज्यांना Backup complete दिसतंय, त्यांनी डावीकडच्या टेबलापाशी बसावं, तिथं आपण Free up space करू. ज्यांना Account storage full दिसतंय, त्यांनी माझ्याजवळ यावं. आणि तोवर कुणीही Delete दाबायचं नाही.