सामना आधी, दुकान मागून

पारशिवनीतून आम्ही बोलतोय. आज गटाचा हिशोब नाही की कर्जाचा हप्ता नाही. आज बोलायचं आहे क्रिकेटच्या सामन्याबद्दल आणि दुकानाच्या स्टेटसबद्दल. आपल्या गटातल्या कितीतरी जणी आता मोबाइलवर स्टेटस ठेवून माल विकतात. मोठा सामना आला की आपल्यालाही वाटतं, सगळे बोलताहेत तर आपणही दोन शब्द टाकावेत. टाकावेतच. पण कधी आणि काय, ते आमच्या एका ताईच्या दुकानावरून सांगतो.

या ताईंनी गटातून कर्ज घेऊन खेळाच्या सामानाचं दुकान टाकलं. बॅट, टेनिस बॉल, कॅरम, व्हॉलीबॉल, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी बूट, असा माल. बॅटची ग्रिपही बदलून देतात. गिऱ्हाईक सगळं ओळखीचं, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला एक शब्द लागला की तो लक्षात राहतो.

१९ नोव्हेंबर २०२३ आठवा. पुरुषांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, अहमदाबादला. भारतानं त्याआधीचे दहाच्या दहा सामने जिंकले होते. कोणाच्या मनात शंका नव्हती. ताईंनी दुपारीच स्टेटस ठेवलं: ‘आज कप आपलाच! विजयाच्या आनंदात बॅटवर वीस टक्के सूट.’ पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. भारत २४० धावांत बाद झाला आणि ऑस्ट्रेलियानं सहा गडी राखून सामना नेला. सगळ्या गल्ल्या गप्प. आणि ताईंचं स्टेटस मात्र रात्रभर तसंच. त्या घरच्यांसोबत टीव्हीसमोर बसल्या होत्या, मोबाइलकडे लक्षच गेलं नाही. नेहमी टेनिस बॉल नेणाऱ्या एका पोरानं लिहिलं, ‘काकू, आम्ही इथं रडून राहिलो अन् तुम्ही सेल लावून राहिल्या?’ त्याच्या टीमनं पुढचे दोन महिने बॉल दुसरीकडून आणले.

ताई आम्हाला म्हणाल्या, ‘मी काही वाईट लिहिलं नव्हतं.’ खरंच नव्हतं. चूक दोन ठिकाणी होती. निकाल लागायच्या आधी त्यांनी निकालावर सूट लावली. आणि लोकांच्या मनातल्या गोष्टीला मालाची किंमत चिकटवली. जिंकलो असतो तरी ते थोडं खुपलंच असतं. हरलो म्हणून उघडं दिसलं.

म्हणून २०२५ साली महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आला, तेव्हा आम्ही ताईंसोबत आधीच बसलो. २ नोव्हेंबर, रविवार, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. ठरलेली वेळ दुपारी ३ वाजताची.

पहिलं ठरवलं ते असं की सामन्याच्या शब्दांत माल येणार नाही. किंमत नाही, सूट नाही, ‘आजच या’ नाही. मग दुकानानं बोलायचं काय? एक खरी गोष्ट होती. ताईंना सामना बघायचा होता. तेच लिहिलं: ‘उद्या दुपारी एक वाजता दुकान बंद. आम्हीही सामना बघणार. बॉल हवा असेल तर सकाळीच घेऊन जा, नंतर दार वाजवलं तरी उघडणार नाही!’ शेवटी हसणारा चेहरा. हे हलकं आहे, खरं आहे, आणि गिऱ्हाइकाच्या कामाचंही आहे.

आता वेळ. व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तास टिकतं. शनिवारी सकाळी ठेवलं असतं तर रविवारी सकाळीच गेलं असतं, ऐन दुकान बंद व्हायच्या आधी. म्हणून शनिवारी रात्री आठ वाजता ठेवलं, म्हणजे रविवारी रात्री आठपर्यंत राहील. धान कापणीचे दिवस, बायामाणसं दिवसभर वावरात. रात्री जेवणं झाल्यावरच मोबाइल हाती येतो, हेही धरलं.

ताईंची मुलगी अकरावीत आहे. तिनं फेसबुकच्या पेजवर आणखी एक पोस्ट वेळ लावून ठेवली होती. रविवारी दुपारी तीनला आपोआप जाणार: ‘सामना सुरू झाला, बसा टीव्हीसमोर!’ आम्ही म्हटलं, ही काढ. तिला वाटलं, यात काय वाईट? पण त्या दिवशी नवी मुंबईत पाऊस पडला. नाणेफेकच लांबली आणि सामना सुरू व्हायला पाच वाजले. ती पोस्ट गेली असती तर लोकांना कळलं असतं की दुकानवाल्यांनी टीव्ही लावलेलाच नाही, नुसतं सामन्याचं नाव वापरलं. वेळ लावून ठेवलेल्या पोस्टचं हेच दुखणं आहे. तिला पाऊस दिसत नाही.

पाऊस तरी साधी गोष्ट. त्याच वर्षी जून महिन्यात बंगळुरूचा संघ आयपीएल जिंकला. दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन अकरा माणसं गेली. त्या संध्याकाळी एखाद्याची जल्लोषाची पोस्ट आपोआप गेली असेल, तर वाचणाऱ्याला काय वाटलं असेल? म्हणून सामन्याची पोस्ट हातानंच टाकायची, आणि टाकायच्या आधी पाच मिनिटं बातम्या बघायच्या.

सामना चालू असताना ताईंनी काहीच टाकलं नाही. चौकार-षटकार सांगायला टीव्ही आहे. दर विकेटला दुकानाचं स्टेटस दिसलं की लोक तुमचे स्टेटस दिसणंच बंद करून टाकतात, आणि ते आपल्याला कळतही नाही.

निकालासाठी आम्ही दोन मजकूर वहीत लिहून ठेवले होते. जिंकलो तर: ‘पोरींनी करून दाखवलं. ज्या आईबापांनी मुलीच्या हाती पहिली बॅट दिली, त्यांनाही नमस्कार.’ हरलो तर: ‘शेवटपर्यंत लढल्या. या पोरींचा अभिमान आहे.’ दोन्हींत माल नाही. हरल्याचा मजकूर आधी लिहायला आम्हाला अपशकुनी वाटलं, खोटं कशाला सांगावं. पण हरल्यावर मन ठिकाणावर नसतं आणि माणूस समोरच्या संघाला, नाहीतर आपल्याच खेळाडूला काहीबाही लिहून बसतो. समोर पाकिस्तान असेल तर अजूनच जपावं लागतं. गल्लीतली गंमत एखाद्या शेजाऱ्याच्या धर्मावर जाऊन पडते, आणि दुकान तर सगळ्यांचं असतं.

त्या रात्री भारतानं २९८ धावा केल्या होत्या. शफाली वर्मानं ८७ केल्या, दीप्ती शर्मानं अर्धशतक करून वर पाच बळी घेतले, आणि ५२ धावांनी भारत जिंकला. आपल्या सांगलीची स्मृती मानधना त्या संघाची उपकर्णधार. मध्यरात्र झाली होती. मुलगी म्हणे, आताच टाकू. ताई म्हणाल्या, ‘रात्री घरातल्यांसोबत नाच, सकाळी टाकू.’ सकाळी सातला टाकलं. चहाच्या वेळी लोकांनी वाचलं.

फोटोचं सांगायचं राहिलं. मुलीला खेळाडूंचा फोटो आणि कपाचं चिन्ह लावायचं होतं. आम्ही नाही म्हटलं. २०२१ मध्ये पी. व्ही. सिंधूला ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळालं, तेव्हा पुष्कळ कंपन्यांनी तिच्या फोटोसोबत आपलं नाव टाकून अभिनंदन केलं. सिंधूचं काम पाहणाऱ्या कंपनीनं त्यांतल्या सुमारे वीस जणांना कायदेशीर नोटिसा दिल्या. पैसे न देता तिचं नाव आणि चेहरा जाहिरातीला वापरला, असं त्यांचं म्हणणं. आपल्या छोट्या दुकानाला कोणी नोटीस धाडेल असं नाही, पण मुद्दा तोच लागू पडतो. आपल्या नावाशेजारी खेळाडूचा चेहरा लावला की ती आपल्या दुकानाची जाहिरात करते आहे असं दिसतं. टीव्हीवरच्या सामन्याची चित्रफीतही अशीच, दुसऱ्याच्या हक्काची. ताईंनी मग दुकानासमोरच्या ओट्यावर ठेवलेल्या एका जुन्या, घासलेल्या बॉलचा फोटो काढला. गावातल्या मुलींचा फोटो घ्यायचा असता तर आधी त्यांच्या घरी विचारलं असतं.

आता तुम्ही विचाराल, मग विकायचं कधी? विकायचं, पण वेगळ्या दिवशी. ताईंनी तीन दिवस जाऊ दिले. गुरुवारी सामन्याचं नावही न घेता लिहिलं: ‘मुलीसाठी बॅट घेताना वय नाही, उंची बघा. साधारण पाच फूट उंचीला सहा नंबर. बॅट वरच्या हातानं, एकाच हातानं समोर उचलून धरायला सांगा. मनगट डगमगलं तर ती जड आहे. दुकानात उचलून बघा, मगच ठरवा.’ खाली भाव, जो नेहमीचा होता तोच. त्या आठवड्यात तीन पालक मुलींना घेऊन आले. त्यातल्या एकीला ताईंनी महागडी, जड बॅट न देता स्वस्त आणि हलकी दिली.

तीन म्हणजे फार नाहीत, हे आम्हालाही कळतं. सामन्याच्या पोस्टनं त्याच दिवशी गल्ला भरत नाही. भरायचा प्रयत्न केला की २०२३ सारखं होतं.

आपलं नीट जमलं की नाही, ते उत्तरांवरून ओळखा. अभिनंदनाच्या स्टेटसवर लोक सामन्याबद्दल बोलले, तर बरोबर. ‘मग किती सूट देता?’ असं विचारलं, तर त्यांना ती जाहिरातच वाटली. टाकायच्या आधी तपासायचं असेल तर मजकुरातलं दुकानाचं नाव झाकून वाचा. शेजारची बाई सहज असं बोलली असती का? नसेल, तर तो राहू द्या.

सोमवारी सकाळी सातच्या त्या स्टेटसवर पहिलं उत्तर कोणाचं आलं ठाऊक आहे? त्याच पोराचं. ‘काकू, दुकान कधी उघडता? बॉल संपला.’