जलपर्णी बाहेर काढल्यावर



मेळाव्यात ‘पर्यावरणावर काहीतरी बोल’ असं मला सांगण्यात आलं. मी संगणकाच्या क्षेत्रातली. आमच्याकडे कुठलंही काम हाती घेताना आधी विचारतात, आत काय जातं आणि बाहेर काय येतं? आपल्या अकोल्याच्या मोर्णा नदीतल्या जलपर्णीला मी हाच प्रश्न विचारणार आहे.

13 जानेवारी 2018 ला मोर्णा स्वच्छतेची मोठी मोहीम सुरू झाली, ती आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. हजारो अकोलेकर नदीत उतरले आणि ठरलं की दर शनिवारी सकाळी हे काम चालू ठेवायचं. त्याच महिन्यात 28 तारखेला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. जलपर्णी बाहेर ओढताना सगळ्यांनी पाहिली. मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या ढिगाबद्दल.

जलपर्णी काठावर टाकून आपण घरी गेलो की दोन गोष्टी होतात. ती कुजते आणि तिचा काळा रस उताराने परत नदीत जातो. सांडपाण्यातला जो नत्र आणि स्फुरद खाऊन ती वाढली, तोच रसाबरोबर परत पाण्यात मिसळतो. आणि पहिला मोठा पाऊस आला की अर्धवट जिवंत रोपं पुन्हा प्रवाहात. म्हणजे श्रमदान झालं, पण नदीतून बाहेर काहीच गेलं नाही. वडाळी किंवा छत्री तलावासारख्या साचलेल्या पाण्यालाही हाच नियम लागू आहे. काढलेली जलपर्णी काठापासून दूर गेली तरच ती निघाली म्हणायचं.

दूर न्यायची तर अडचण पाण्याची. ताज्या जलपर्णीच्या 1000 किलोंमध्ये साधारण 930 किलो पाणी असतं, कोरडा भाग फक्त 70 किलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून आपण मुख्यतः मोर्णेचं पाणीच शेतात नेत असतो. डिझेलचा खर्च इथेच बुडतो.

तिचा कागदही होतो, पण धागा मऊ असतो आणि त्याच्या लगद्यातून पाणी फार सावकाश निथळतं. म्हणून त्यात चिंध्या किंवा रद्दीचा लगदा मिसळावा लागतो. हातकागदाच्या छोट्या उद्योगाला ते जमेल, नदीभर ढिगाला नाही. गोबरगॅसमध्ये ती ओलीच चालते, हा फायदा. पण अख्खी घातली तर वर तरंगते आणि साय धरते, त्यामुळे बारीक चिरून शेणकाल्यात मिसळावी लागते. एवढं करून एका टनातून, संयंत्र नीट चाललं तर, 10 ते 15 घनमीटर गॅस मिळेल. म्हणजे घरच्या अर्ध्या सिलिंडरलाही थोडा कमीच. राहिलं खत, आणि वऱ्हाडात खताला लागणारी दुसरी वस्तू आपल्याकडे भरपूर आहे.

ती वस्तू म्हणजे कुटार आणि पऱ्हाटी. ढिगात ओल साधारण साठ टक्के असली तर तो तापतो. त्याहून जास्त झाली की हवा जात नाही, ढीग सडतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. ताज्या एक टन जलपर्णीत ओल साठ टक्क्यांवर आणायला किती कुटार लागेल, याचा मी हिशोब केला. उत्तर आलं 660 किलो. एवढं कुटार कोणी फुकट देणार नाही, त्याला जनावरं आहेत. पण तीच जलपर्णी उन्हात पातळ पसरून, उलथून, ओल 75 टक्क्यांवर आणली, तर 1000 किलोचे 280 किलो उरतात आणि त्यांना साधारण 85 किलो कुटार पुरतं. मला या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल हेच वाटतं. त्याला खर्च शून्य आहे, लागतं ते फेब्रुवारी-मार्चचं आपलं ऊन आणि काठापासून लांब, नदीकडे उतार नसलेली मोकळी जागा.

पुढचं सोपं आहे. मुळं काठावरच कापून वेगळी ठेवायची, कारण गाळ आणि जड धातू मुळांतच जास्त असतात. ढिगाची रुंदी दीड मीटर, उंची सव्वा मीटर. तळाला पऱ्हाटीचा थर, खालून हवा खेळावी म्हणून. त्यावर चिरलेली सुकी जलपर्णी, मग कुटार, मग थोडा शेणकाला, असे थर. मूठभर घेऊन पिळलं तर एक-दोन थेंब यावेत, धार नको. चार-पाच दिवसांत आत लोखंडी सळई खुपसून ठेवा आणि दहा मिनिटांनी काढा. हातात धरवली नाही तर ढीग तापलाय. दर पंधरा दिवसांनी पालटताना बाहेरचं आत, आतलं बाहेर करायचं. अडीच-तीन महिन्यांत खत तयार होतं, एका टनाचं सव्वाशे ते दीडशे किलो. ही कल्पना जुनीच आहे. इंदूर पद्धतीचं कंपोस्ट अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी 1931 च्या पुस्तकात सविस्तर मांडलं होतं.

परवा वर्गातल्या एका मैत्रिणीला हे सांगत होते. तिच्याकडे तूर-कपाशीची शेती आणि शेततळं आहे. तिने लगेच विचारलं, “हे माह्या वावरात टाकलं तं शेततळ्यात उगोन तं नाई ना वं?” प्रश्न अगदी नेमका. कोरड्या वावरात जलपर्णी उगवत नाही. पण तिचं बी गाळात अनेक वर्षं जिवंत राहतं. पावसाने वाहून ते शेततळ्यात गेलं तर तिथे ती पसरेल. म्हणून ढिगाचा प्रत्येक भाग कधीतरी 55 अंशांवर तीन दिवस राहिला पाहिजे, पालटण्याचं खरं कारण हेच. खात्री करायची तर मूठभर खत उथळ परातीत पाणी घालून उन्हात ठेवा. पंधरा-वीस दिवसांत हिरवी बारीक रोपं दिसली तर ते खत शेततळ्याजवळ न्यायचं नाही.

दुसरी अट धातूंची. मोर्णेत शहराचं सांडपाणी येतं आणि जलपर्णी पाण्यातले धातू शोषते. ढीग कुजून निम्मा होतो, पण धातू कुजत नाहीत, ते उरलेल्या खतात दाट होतात. म्हणून पहिल्या खताचा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशाने मर्यादा घातल्या आहेत, उदाहरणार्थ शिसं किलोमागे 100 मिलिग्रॅम, कॅडमियम 5. त्यात बसलं तर शेतात, नाही तर रस्त्याकडेच्या झाडांना. भाजीपाल्याला मुळीच नाही.

आणि एक मान्य करायलाच हवं. सांडपाणी जोवर थेट नदीत येतं, तोवर जलपर्णी परत येणार. अनुकूल हवेत तिचा पसारा पंधरा दिवसांत दुप्पट होऊ शकतो. खताने नदी बरी होत नाही. पण काढलेल्या प्रत्येक टनाबरोबर थोडा नत्र नदीबाहेर जातो आणि तो पऱ्हाटी जाळणाऱ्या वावरात पोचतो.

आपल्या बॅचपुढे माझा प्रस्ताव छोटा आहे. या फेब्रुवारीत एकच टन जलपर्णी घेऊया, ऊन देऊया, एक ढीग लावूया. परातीची आणि प्रयोगशाळेची, दोन्ही परीक्षा पास झाल्या तरच ते खत मैत्रिणीच्या शेतात जाईल. नापास झालो तर तेही पुढच्या मेळाव्यात आकड्यांसकट सांगू.