खर्चाच्या प्रत्येक ओळीला तिचं कारण
(बारामती-इंदापूर भागातल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत आम्ही केलेली मांडणी)

साथींनो,

पट्टा मिळाला म्हणजे जमीन पिकली असं होत नाही. इंदापूरकडचा माळ मुरमाड, पाऊस थोडा. पडला तरी उतारावरून धावत निघून जातो, जाताना माती घेऊन जातो. म्हणून आम्ही चार हेक्टरांवर सलग समतल चर खोदायचं ठरवलं आणि एका संस्थेकडे मदतीचा अर्ज केला.

पहिल्या अर्जात आम्ही लिहिलं, 'मजुरी व इतर खर्च' आणि पुढे एकच आकडा. संस्थेनं तो जवळजवळ अर्धा केला. आम्हाला राग आला. पण नंतर अर्ज पुन्हा वाचला, तेव्हा कळलं की काय कापलं म्हणजे काय बिघडेल हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. कागदावर कारण नसलं की कात्री तिथंच चालते.

दुसऱ्या वेळी आम्ही प्रत्येक ओळीला चार प्रश्न विचारले. हे कशासाठी? किती? हा दर आला कुठून? आणि हे नसलं तर काय होईल? ते कसं केलं, ते सांगतो.

आधी मजुरी. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. म्हणजे एक मीटर लांबीला ०.१८ घनमीटर खोदाई. दोन चरांत दहा मीटरचं अंतर ठेवलं, तर हेक्टरी हजार मीटर, चार हेक्टरांना चार हजार मीटर. एकूण ७२० घनमीटर. आता एक माणूस दिवसाला किती खोदतो? हे पुस्तकातून घेतलं नाही. माळावर जाऊन दोघांनी एक दिवस खोदून पाहिलं. १७ मीटर झालं, म्हणजे माणशी साधारण दीड घनमीटर. ७२० भागिले दीड म्हणजे ४८० माणूस-दिवस. दर घेतला रोजगार हमीचा, २०२४-२५ साली महाराष्ट्रात दिवसाला २९७ रुपये. असे झाले १,४२,५६० रुपये. खोदून पाहिलेल्या दिवसाची नोंद अर्जाला जोडली. 'मुरूम कडक लागला तर दिवस वाढतील, त्या वेळी आधी कळवू' हेही लिहिलं.

यातले ८० दिवस आमच्या घरांनी श्रमदान करायचं ठरवलं. तेही त्याच दराने मोजून वेगळ्या रकान्यात लिहिलं, २३,७६० रुपये. मागणी उरली १,१८,८०० ची. फुकटचं काम म्हणून ते वगळलं असतं, तर आमचा वाटा दिसलाच नसता. आणि मागणीतही धरलं असतं, तर ते खोटं ठरलं असतं. बारामती तालुक्यात जुन्या दुष्काळानंतर पाझर तलाव झाले तेव्हा कामाच्या बदल्यात गहू आणि तेल मिळालं, हे म्हातारी माणसं सांगतात. रोकड असो, धान्य असो वा घाम, मोजून लिहिला तरच तो हिशेबात येतो.

दुसरी ओळ हत्यारांची. चोवीस माणसं, दोघांची जोडी, एक खोदणार, दुसरा माती ओढणार. म्हणून १२ टिकाव, १२ फावडी. घमेली मागितली नाहीत, कारण माती चराच्या खालच्या बाजूलाच टाकायची, वाहून न्यायची नाही. दुकानाचं दरपत्रक जोडलं, आणि काम झाल्यावर हत्यारं ग्रामसभेकडे राहतील असं लिहिलं.

तिसरी ओळ आखणीची, रकमेनं सगळ्यांत छोटी. दोन माणसं, आठ दिवस, ४,७५२ रुपये. कापायला सगळ्यांत सोपी हीच! म्हणून तिचं कारण सगळ्यांत मोठं लिहिलं. चर समपातळीत नसला तर पाणी सखल टोकाला गोळा होतं, तिथून भराव फोडतं आणि खाली ओघळ पाडतं. मग ४८० दिवसांची मजुरी एका पावसात वाहून जाते. ए-आकाराची लाकडी चौकट आणि ओळंब्यानं आखणी आमची माणसं करू शकतात, पण त्यांचा दिवसही मजुरीचाच दिवस आहे.

'इतर' ही ओळ ठेवलीच नाही. पाण्याचा टँकर, हजेरीपट लिहिणारा, प्रवास, प्रत्येकाला वेगळी ओळ दिली.

अर्ज पाठवण्याआधी तो ग्रामसभेत मोठ्यानं वाचला. एका बाईनं विचारलं, "पाणी लिहिलंत, मग लेकरांना सांभाळणारी कुठं आहे?" आमच्या लक्षातच आलं नव्हतं. तान्ही लेकरं असलेल्या बाया कामाला येणार, तर सावलीत त्यांना बघायला एक बाई लागणारच. ती ओळ वाढवली. तिचं कारणही त्याच बाईच्या शब्दांत लिहिलं.

तेव्हा तुमच्याही गावात अर्ज आधी ग्रामसभेत वाचा. जी ओळ वाचताना कुणी 'हे कशाला?' म्हणेल आणि आपल्याला उत्तर देता येणार नाही, ती ओळ अजून लिहून झालेली नाही असं समजा.

जिंदाबाद!