हत्ती दोन, साखळ्या किती?



जुन्या फारसी यादीत ‘फील दो जंजीर, अस्प पंज रास, मखमल दो ताका’ अशी ओळ भेटते. आम्ही वाचनाला बसलो की पहिली अडखळ इथेच. फील म्हणजे हत्ती, जंजीर म्हणजे साखळी. म्हणून इंग्रजीत ‘हत्तींच्या दोन साखळ्या’ लिहिले, तर वाचणाऱ्याला हत्तींच्या दोन रांगा दिसतील. प्रत्यक्षात हत्ती दोनच.

फारसीत आकड्यामागे असा मोजशब्द येतो: हत्तीला जंजीर, घोड्याला रास म्हणजे डोके, पुस्तकाला जिल्द, माणसाला नफर.

आम्ही एक कसोटी लावतो. मोजशब्द काढून पाहावा. ‘पाच घोडे’ म्हटल्याने संख्या बदलत नाही. तेव्हा रास गाळावी. ‘दो दस्त लिबास’मधून दस्त काढला तर दोनच कपडे उरतात, खरे तर ते दोन जोड आहेत. तिथे इंग्रजी ‘सेट’ चालतो.

ताका मात्र तसाच ठेवावा. हाच आपला कापडाचा तागा. त्याची लांबी कापडागणिक बदलते. गज घातले तर यादीत नसलेले माप आपण घुसवतो. पहिल्यांदा येईल तिथे एकदा अर्थ द्यावा, पुढे शब्दच ठेवावा.

आणि यादीत वस्तूचे नाव फाटून गेले, नुसते ‘तीन जंजीर’ उरले, तर? तेव्हाही जंजीर ठेवावा. हत्ती असावेत हे सांगणारा तोच एक साक्षीदार उरलेला असतो.